२८० चा कॉल

सोमवार, १ फेब्रुवारी २०२१. टीव्हीवर अर्थमंत्र्यांचं भाषण चालू होतं. तेवढ्यात सरांच्या मोबाईलवर मेसेज आला: डिमॅट खात्यातून ३००० शेअर वजा. विकलेल्या कॉलची मुदत गुरुवारीच संपली होती, डिलिव्हरी आज गेली इतकंच. तरी सरांनी चष्मा पुसून मेसेज पुन्हा वाचला.

एका सरकारी बँकेचे ते शेअर. चिपळूणच्या शाळेत गणित शिकवताना कधी वेतन आयोगाच्या फरकातून, कधी पेपर तपासल्याच्या पैशांतून पंचवीस-पन्नास करत जमवलेले. निवृत्तीनंतर निलेशने, त्यांच्याच विद्यार्थ्याने, कव्हर्ड कॉल समजावला. "सर, वरच्या भावाचा कॉल विकायचा, म्हणजे त्या भावाला आपले शेअर घ्यायचा हक्क दुसऱ्याला द्यायचा. त्याचे पैसे, प्रीमियम, आपला. भाव तिथवर गेला नाही तर शेअरही आपलेच. वर गेला तर ठरल्या भावाला द्यायचे." जुन्या खरेदीच्या वहीतच सर आता प्रीमियमही लिहीत. जानेवारीची ओळ: २८० चा कॉल, ७ रुपये, ३००० नग, २१,०००.

बुधवारी भाव २८८ होता. निलेशचा फोन आला. "सर, सोमवारी बजेट आहे. कॉल परत घेऊन टाकू, ९ रुपयांना मिळतोय."

म्हणजे २७,००० मोजायचे. मिळालेले जाऊन वर पदरचे सहा हजार.

"नको रे. २८० ला द्यायची तयारी होती म्हणूनच विकला ना? स्लॅबही गळतोय, पैसे लागणारच आहेत."

गुरुवारी भाव २८६ वर बंद झाला. शेअर गेले, २८० नेच.

आणि सोमवारी त्या भाषणात दोन सरकारी बँकांचं खासगीकरण, बुडीत कर्जांसाठी वेगळी कंपनी, बँकांना २०,००० कोटींचं भांडवल. सेन्सेक्स एका दिवसात २,३१५ अंकांनी वर गेला. सरांचा शेअर ३१२. शुक्रवारी ३९०.

त्या रात्री सरांनी वही काढली. ३९० वजा २८०, गुणिले ३०००. फळ्यावर हे गणित पाचवीच्या पोरानेही सोडवलं असतं, पण पेन कागदावर टेकून तसंच राहिलं.

"किती आले म्हणालात?" सुमनताई दारात उभ्या होत्या.

"आठ लाख चाळीस हजार."

"आणि आज असते तर?"

हिशोबात सर कधी खोटं बोलले नव्हते. "तीन लाख तीस हजार जास्त."

सुमनताई पलंगाच्या कडेला बसल्या. बराच वेळ दोघंही बोलले नाहीत.

"त्यातले दोनशे माझ्या पाटल्यांचे होते," त्या म्हणाल्या. "आठवतंय ना?"

सरांनी मागची पानं उलटली. २००९. त्यांच्याच नेटक्या अक्षरात तारीख, भाव आणि पुढे '२०० नग'. बाकी काही नाही.

त्यांनी पेन उचललं आणि त्या ओळीपुढच्या मोकळ्या जागेत लिहिलं: सुमनच्या पाटल्या.