बारा रीडिंगमधून पिरियड कसा काढायचा: तुझ्याच आकड्यांवर करून दाखवतो

तू परवा पाठवलेले मॉइश्चर सेन्सरचे आकडे बघितले. लांब वायर आहे, शेजारून पंपाची केबल गेलीये, आणि रीडिंग सारखं वरखाली होतंय, म्हणून तुला शंका आली की ह्यात काहीतरी ठरावीक अंतराने रिपीट होतंय, पण नुसतं बघून कळत नाही. खरंच नाही कळत. म्हणून ऑटोकोरिलेशन हातानेच करू, बाराच आकडे आहेत, कॅल्क्युलेटरही लागणार नाही. दर ५ मिलिसेकंदाला एक सॅम्पल घेतलंयस हे लक्षात ठेव, शेवटी लागेल.

तुझे आकडे: ८, ७, ४, ३, १०, ४, २, २, ९, ६, ५, ०.

पहिलं काम म्हणजे सरासरी वजा करायची, आणि ही स्टेप बहुतेक जण विसरतात. बेरीज ६०, म्हणजे सरासरी ५. वजा केल्यावर:

३, २, −१, −२, ५, −१, −३, −३, ४, १, ०, −५

आता आयडिया अशी की ह्या ओळीची एक कॉपी घ्यायची, ती k घरं सरकवायची (हा k म्हणजेच लॅग), वरच्या खालच्या आकड्यांचा गुणाकार करायचा आणि सगळ्यांची बेरीज. सरकवताना जे टोकाच्या बाहेर पडतात ते दुसऱ्या टोकाने परत आत येतात, जसं घड्याळात १२ नंतर पुन्हा १ येतो. म्हणून ह्याला पिरिऑडिक किंवा सर्क्युलर ऑटोकोरिलेशन म्हणतात. प्रत्येक लॅगला बाराच्या बारा गुणाकार मिळतात, साध्या ऑटोकोरिलेशनसारखे पुढच्या लॅगला कमी होत जात नाहीत, छोट्या डेटासाठी हा मोठा फायदा आहे.

लॅग ० म्हणजे स्वतःचाच वर्ग: ९+४+१+४+२५+१+९+९+१६+१+०+२५ = १०४.

लॅग १ ला: ६−२+२−१०−५+३+९−१२+४+०+०−१५ = −२०. शेवटचा −१५ बघ, तो शेवटच्या −५ ला पहिल्या ३ ने गुणून आलाय, तीच ती गोल फिरून येण्याची गंमत.

लॅग ४ पण पूर्ण लिहून दाखवतो कारण सगळा खेळ तिथेच आहे: १५−२+३+६+२०−१+०+१५+१२+२+०+१० = ८०. बारापैकी फक्त दोनच गुणाकार निगेटिव्ह आणि तेही बारीक. चार घरं सरकवल्यावर मोठा आकडा मोठ्याखाली आणि खोल आकडा खोलाखाली येतोय, त्यामुळे जवळपास सगळे एकाच दिशेने बेरजेत भर घालतायत.

बाकीचे तू स्वतः करून बघ, उत्तरं देतो:

लॅग ० : १०४
लॅग १ : −२०
लॅग २ : −५२
लॅग ३ : −२३
लॅग ४ : ८०
लॅग ५ : −२१
लॅग ६ : −३२

लॅग ७ पासून पुढे नवीन काही नाही, तेच उलट दिसतं, लॅग ७ म्हणजे लॅग ५, लॅग ८ म्हणजे लॅग ४, असं. म्हणून फक्त निम्म्यापर्यंतच बघायचं. चेक करायचा असेल तर बाराही लॅगची बेरीज कर, शून्य यायला हवी, कारण सरासरी काढून टाकलीये. १०४ + २×(−२०−५२−२३+८०−२१) − ३२ = ०. मी हा चेक कायम करतो, एखाद्या चिन्हाची चूक असेल तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

लॅग ४ ला ८० आणि बाकी सगळे निगेटिव्ह, म्हणजे पिरियड ४ सॅम्पल. ८० भागिले १०४ म्हणजे साधारण ०.७७, इतक्या कमी डेटावर हे चांगलंच ठळक आहे. सरासरी काढली नसती तर प्रत्येक लॅगमध्ये १२×२५ म्हणजे ३०० जास्तीचे आले असते, मग लॅग ० ला ४०४, लॅग १ ला २८०, लॅग ४ ला ३८०, आणि सगळेच उंच दिसले असते. पीक तिथेच राहतं पण ते ओळखायला जड जातं.

आता नॉइज असूनही हे का चालतं ते नीट समजून घे. तुझं रीडिंग म्हणजे खरा सिग्नल अधिक नॉइज. गुणाकार केल्यावर चार तुकडे पडतात: सिग्नल गुणिले सिग्नल, सिग्नल गुणिले नॉइज दोनदा, आणि नॉइज गुणिले नॉइज. एका क्षणीच्या नॉइजचा दुसऱ्या क्षणीच्या नॉइजशी काही संबंध नसेल तर शेवटचा तुकडा फक्त लॅग ० ला मोठा होतो, इतर ठिकाणी अधिक उणे होऊन बराचसा कटतो. मधले दोनही तसेच कटतात, पूर्ण नाही पण बरेच. उरतो तो सिग्नलचा स्वतःशी मेळ, आणि तो पिरियडला उंच असणारच. ह्यातून अजून एक गोष्ट फुकट मिळते, १०४ आणि ८० मधला २४ चा फरक हा मुख्यतः नॉइजचा, तो १२ ने भागला की नॉइजचा व्हेरियन्स अंदाजे २. मला हे फार आवडतं, एकाच गणितात पिरियडही आणि नॉइज किती तेही.

पिरियड कळला की चारचार आकड्यांचे तीन गट एकाखाली एक लिहून उभी सरासरी काढ: ४, ०.६७, −१.३३, −३.३३. हा झाला एका सायकलचा आकार, नॉइज बराच खाली गेलेला.

एक धोका मात्र आहे आणि तो खरा आहे. गोल जोडणी तेव्हाच बरोबर बसते जेव्हा डेटामध्ये पूर्ण सायकल असतात. तुझे १२ म्हणजे नेमक्या ३ सायकल, म्हणून जमलं. मी मुद्दाम पहिले १० च घेऊन बघितले (सरासरी ५.५), तर लॅग ० ला ७६.५ आणि लॅग ४ ला फक्त १७.५ आले, ०.७७ वरून थेट ०.२३! आणि आरशासारखं लॅग ६ लाही १७.५ दिसतं, ते निव्वळ जोडणीमुळे, पिरियड ६ वगैरे काही नाही. म्हणून सॅम्पलची संख्या थोडी थोडी बदलून बघत जा, पीक जिथे सगळ्यात उंच येतं ती लांबी धर.

मोठ्या डेटासाठी हे चालव:

```python
import numpy as np
x = np.array([8,7,4,3,10,4,2,2,9,6,5,0])
x = x - x.mean()
R = [np.dot(x, np.roll(x, -k)) for k in range(len(x)//2 + 1)]
print(R)
```

हजारो सॅम्पल असतील तर एफएफटी काढून मॅग्निट्यूडचा वर्ग कर आणि उलट एफएफटी घे, हेच उत्तर पटकन मिळतं.

आणि आता ते ५ मिलिसेकंद. ४ सॅम्पल म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झ, आपल्याकडच्या लाइटची फ्रिक्वेन्सी! म्हणजे मातीत काही होत नाहीये, वायर मेन्सचा हम उचलतीये असा माझा दाट संशय आहे. फक्त २०० हर्ट्झच्या सॅम्पलिंगला १५० हर्ट्झसुद्धा ५० सारखंच दिसतं, त्यामुळे एवढ्यावरून पक्कं म्हणू नकोस. उद्या पंप बंद करून आणि केबल लांब सरकवून तेवढेच १२ आकडे परत घे आणि लॅग ४ चा आकडा किती पडतो ते मला कळव.