विषय: दिवेआगर होमस्टेचं टर्म लोन, 9 लाख 25 हजारात एकरकमी सेटलमेंट करायची आहे

मॅनेजर मॅडम नमस्कार,

परवा ब्रँचला आलो होतो तेव्हा तुमच्याकडे गर्दी होती आणि लोन ऑफिसर साहेब म्हणाले जे काय ते लेखी द्या, तोंडी बोलून हेड ऑफिसला काही जात नाही. म्हणून हा मेल. शुद्ध कागदी भाषा मला जमत नाही, जसं बोलतो तसंच लिहितो, सांभाळून घ्या. प्रिंट काढून सही केलेली कॉपी सोमवारी आणून देतो, पोच मात्र हवी.

नोव्हेंबर 2018 ला मी तुमच्याकडून 12 लाख घेतले, घरामागे तीन खोल्या बांधायला. हप्ता 16,871. फेब्रुवारी 2020 पर्यंतचे 15 हप्ते एकही न चुकवता भरले, स्टेटमेंट बघा. मग लॉकडाऊन, मार्च ते ऑगस्टचं मोरॅटोरियम घेतलं, त्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात चढलं ते चढलंच. आणि त्यातच 3 जूनला निसर्ग.

त्या दिवसाचं फार लिहीत नाही, तुमच्या ब्रँचचेही पत्रे उडाले होते. पण खात्याशी संबंध आहे तेवढं सांगतो. आमच्या वाडीत सुपारीची 260 झाडं होती, आजोबांच्या हातची, दुसऱ्या दिवशी बाबा काठी घेऊन मोजत फिरले तर 48 उभी. बाकीची सगळी एकाच दिशेला आडवी, केस विंचरावेत तशी. लोन देताना तुमच्या साहेबांनी सुपारीचं उत्पन्नही धरलं होतं, पावत्या फाइलला आहेत. ऑफ सीझनचा हप्ता त्या सुपारीवरच निघायचा. नवीन रोपं त्याच पावसात लावली पण रोठा सुपारी काय दोन वर्षांत हातात येत नाही, आत्ता कुठे काही झाडं धरायला लागलीत.

तरी सप्टेंबर 2020 पासून नोव्हेंबर 2022 पर्यंत मागेपुढे करत 24 हप्ते भरले. डिसेंबरात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, आधी महाड मग मुंबई, दीड वर्ष ते अंथरुणात होते आणि गेल्या वर्षी मे महिन्यात गेले. त्या दीड वर्षात मी होमस्टे जवळपास बंद ठेवला कारण पेशंट घरात आणि बाहेर पर्यटकांची गाणी, ते बरं दिसत नव्हतं. धंद्याच्या दृष्टीने चूक होती का, असेल. 2023 च्या सुरुवातीला खातं एनपीए झालं. हॉस्पिटलचे कागद आणि मृत्यूचा दाखला सोबत जोडलाय.

आता आकडे. तुमच्या 22 सप्टेंबरच्या 13(2) च्या नोटिशीत 15,18,400 दाखवलेत. खातं एनपीए झालं तेव्हा बाकी 10,68,000 होती, म्हणजे वरचे साडेचार लाख सगळं नंतरचं व्याज, दंड, नोटिशीचा खर्च. मी आजपर्यंत 39 हप्त्यांचे 6,57,969 भरलेत. त्यात माझे 9,25,000 धरले तर बँकेला 12 लाखावर 15,82,969 मिळतात. बँकेला सूट द्यावी लागतेय हे खरंय, मुद्दलातलेही सुमारे दीड लाख सोडायला सांगतोय हेही मला कळतं, पण मुद्दल बुडवून पळालेला माणूस मी नाही एवढं ह्या आकड्यांवरून दिसावं.

9,25,000 च का, तर तेवढेच उभे राहतात. एक लाख ह्या दिवाळीच्या सीझनचे, ते तयार आहेत. मुंबईचे भाऊजी 4 लाख देतायत, त्यांचं संमतीपत्र आणि बँक स्टेटमेंट जोडलंय. बायकोच्या पाटल्या आणि हार मोडून 2,25,000, सोनाराकडून वजन करून घेतलंय. राहिलेले 2 लाख शेजारच्याला वाडीतला एक तुकडा देऊन, तो तुमच्याकडे गहाण नाहीये, सौदा बोलून झालाय. दहा लाख म्हणालात तर मी हो म्हणून जाईन आणि साठाव्या दिवशी परत तुमच्यासमोर हात हलवत उभा राहीन, त्यापेक्षा होणारी गोष्टच लिहिलेली बरी.

पैसे असे देतो. एक लाख ह्याच आठवड्यात नो लीन खात्यात ठेवतो, मंजुरी आली तर सेटलमेंटमध्ये धरा, नाही आली तर मला परत. उरलेले 8,25,000 मंजुरीच्या पत्रापासून 60 दिवसांत आरटीजीएसने. त्याच्या पुढे एक दिवस गेला तर ऑफर रद्द समजा, मी भांडायला येणार नाही.

लिलाव केला तर जास्त येतील असं हेड ऑफिसला वाटेल म्हणून लिहितो, धमकी म्हणून नाही. खोल्या आमच्या राहत्या घराच्या मागे, जायची वाट काकांच्या वाडीतून, आणि समुद्र इतका जवळ की घेणारा पहिला प्रश्न सीआरझेडचा विचारणार. तुमच्या व्हॅल्युएशनवाल्याला पुन्हा पाठवा, मी चहा देईन, तोही हेच सांगेल.

मंजूर झालं तर पत्रात काही गोष्टी स्पष्ट हव्यात. रक्कम 'पूर्ण आणि अंतिम' असा शब्द. जामीनदार माझा मामेभाऊ आहे, तो पूर्ण मोकळा. कोरे चेक परत. सेरसायचा चार्ज आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरचा बोजा उतरवायचं पत्र. घराचे मूळ कागद 30 दिवसांत, आरबीआयचा तसा नियमच आहे, उशीर झाला तर दिवसाला 5,000. सिबिलला 'सेटल्ड' पडणार हे माहितीये आणि ते मी मान्य केलंय, बारा महिने तुमच्याकडे नवीन लोन मिळणार नाही हेही. फक्त बाकी रक्कम शून्य दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी दुसराच वसुलीवाला दारात उभा राहायचा.

हे पत्र फक्त तडजोडीसाठी आहे. नोटिशीतला पूर्ण आकडा मी मान्य केला असा त्याचा अर्थ नाही, आणि ऑफर नाकारलीत तर तुमचे माझे दोघांचेही हक्क आहेत तसेच.

नोटिशीचे 60 दिवस 21 नोव्हेंबरला संपतात. प्रपोजल कमिटीपुढे असेपर्यंत ताब्याची कारवाई थांबवा एवढी विनंती. आणि वसुलीचे फोन माझ्या नंबरवर करायला सांगा, नाक्यावरच्या किराणावाल्याला नाही, त्याचं माझ्या लोनशी काय घेणंदेणं.

गुरुवारी सकाळी अकराला भाऊजींना घेऊन ब्रँचला येतो, ते मुद्दाम मुंबईहून येणार आहेत. वेळ जमत नसेल तर बुधवारपर्यंत कळवा म्हणजे त्यांची खेप वाचेल.

तुमचा,
सुधीर (टर्म लोनवाला, दिवेआगर)
9 नोव्हेंबर 2025

ता.क. साक्षीदार म्हणून तुमच्याकडे बाबांची सही आहे. फाइल उघडाल तेव्हा त्यांच्या मृत्यूची नोंद तेवढी करून घ्या, गेल्या महिन्यातली नोटीस पुन्हा त्यांच्याच नावाने आली होती आणि ती आईने उघडली.