आठवडा १, दिवस ३ : पाय आणि पोट

वेळ साधारण २० मिनिटं. चटई, भिंत आणि पाण्याची बाटली एवढंच लागेल. जेवून दोन तास तरी झालेले असावेत. परवाच्या व्यायामाने मांड्या भरून आल्या असतील तर काळजी नको, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त जाणवतं. सांध्यात कळ येत असेल तर मात्र आज सुट्टी घ्या.

वॉर्मअप
जागेवर चालणे : ६० सेकंद
जंपिंग जॅक : २० वेळा. हात-पाय बाहेर आणि परत आत, मिळून एक. खालच्या मजल्यावर कोणी झोपलेलं असेल तर उडी न मारता एकेक पाय बाजूला टाका.

स्क्वॉट
१२ वेळा × ३ सेट, मध्ये ४५ सेकंद विश्रांती

पाय खांद्याइतके फाकवा. मागे खुर्ची आहे असं समजून कंबर मागे नेत खाली बसा. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात, इथे त्या जमिनीवरच हव्यात. गुडघे आत वळू देऊ नका, पायाच्या बोटांच्या दिशेने राहू द्या. खाली जाताना श्वास आत, उठताना बाहेर. गुडघे कुरकुरत असतील तर अर्धंच बसा, तेही मोजणीत धरलं जाईल.

🔊 ५ : "छान. घाई नको."
🔊 ९ : "मांड्या पेटल्या? बरोबर चाललंय!"
🔊 ११ : "शेवटचा एक... आणि झालं!"
🔊 विश्रांती : "बसू नका, फिरत राहा. पाणी घोटभरच."

लंज
उजवा पाय ८, डावा पाय ८ × २ सेट

एक पाय मागे टाका आणि मागचा गुडघा जमिनीकडे न्या, आपटू नका. तोल जातोय? एक हात भिंतीला.

🔊 ८ : "पाय बदला!"

ग्लूट ब्रिज
१५ वेळा × २ सेट

पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, कंबर उचला. वर दोन सेकंद थांबा.

प्लँक
२० सेकंद × ३ वेळा

कोपर खांद्यांखाली, नजर चटईकडे. कंबर झोळीसारखी लोंबली की सगळा भार पाठीवर येतो. तसं वाटलं की गुडघे टेकवा आणि तसेच राहा.

🔊 १० सेकंद बाकी : "श्वास रोखलाय का? सोडा."
🔊 ५ सेकंद बाकी : "पाच... चार... तीन... दोन... एक. शाब्बास!"

चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

कूलडाउन
मांड्या आणि पोटऱ्या ताणा, प्रत्येक बाजूला ३० सेकंद. झटके देऊ नका.

✅ आजचा व्यायाम झाला!
कसं वाटलं?
[जड गेलं] [जमलं] [अजून चाललं असतं]

"जड गेलं" निवडल्यास पुढच्या वेळी स्क्वॉट १० वर येतील.

उद्या विश्रांती. परवा छाती आणि हात : भिंतीला हात टेकवून जोर.

संध्याकाळी ७ची आठवण (व्यायाम राहिला असेल तर)
"आज राहूनच गेलं का? नुसते स्क्वॉट केले तरी चालतील. ५ मिनिटांचं काम."
[चला] [उद्या करतो/करते]