शंभर टक्के बोलता

(डोंबिवली, रविवारची दुपार. आजी गवारीच्या शेंगा मोडतेय. ओंकार पुण्याहून आलाय.)

ओंकार : आजी, चष्मा लाव. एक गंमत दाखवतो.

आजी : हात पुसू दे. ...काय रे हे? ट्यूबलाइटचा फोटो काढलायस का?

ओंकार : काचेवर चमक आलीये गं. पुण्यात एका कॅफेत भिंतीवर जुनी पोस्टरं लावलीत, त्यातलं हे. ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट.

आजी : आलम आरा! अगो बाई. मोठं कर बघू. आणि खालचा कोपरा कुठे गेला?

ओंकार : तिथे टेबलावर लोक जेवत होते. किती वाकणार त्यांच्या ताटावर!

आजी : बरं, वाच. इंग्रजी बारीक अक्षर मला आता झेपत नाही.

ओंकार : ऑल लिव्हिंग, ब्रीदिंग, हंड्रेड परसेंट टॉकिंग.

आजी : मराठीत सांग की.

ओंकार : सगळं जिवंत, श्वास घेणारं, शंभर टक्के बोलणारं.

आजी : श्वास घेणारं म्हणे! बोलतो म्हटल्यावर श्वास घेणारच ना?

ओंकार : टॅगलाइन आहे ती, जरा फुगवणारच. पण ते शंभर टक्के उगाच नाहीये. हा काढणाऱ्या अर्देशीर इराणींनी एक्सेलसिअर थिएटरला ‘शो बोट’ नावाचा अमेरिकन सिनेमा पाहिला होता. तो चाळीस टक्केच बोलपट. म्हणजे मध्येच बोलायचे, मध्येच मुके. त्यावरून यांनी ठरवलं, आपण पूर्ण बोलता काढायचा. म्हणून शंभर.

आजी : म्हणजे दुधवाला सांगतो तसं, पाणी नाही घातलेलं.

ओंकार : अगदी तसंच. आता पुढे नावं. मास्टर विठ्ठल, झुबेदा, पृथ्वीराज.

आजी : थांब. कुणाचं अक्षर किती मोठंय ते सांग आधी.

ओंकार : त्याने काय होतं?

आजी : त्यानेच तर सगळं होतं! अण्णा छापखान्यात खिळे जुळवायचे, विसरलास? नाटकवाल्यांची, सिनेमावाल्यांची हँडबिलं यायची. ते म्हणायचे, मजकुराला कुणी विचारत नाही, नावाच्या खिळ्यावरून मारामाऱ्या. एकाचं नाव जाड टाइपात लावलं की दुसऱ्याचा माणूस संध्याकाळपर्यंत दारात हजर.

ओंकार : मग या मास्टर विठ्ठलचं नाव कुठल्या खिळ्यात लावलं असतं अण्णांनी?

आजी : सगळ्यात मोठ्या. मूकपटातला केवढा मोठा हिरो तो! तलवारबाजी, उड्या, घोडे. पोरं वेडी होती त्याच्यापायी.

ओंकार : पण मास्टर का? शाळेत शिकवायचा?

आजी : अरे देवा. मास्टर दीनानाथ कुठल्या शाळेत शिकवायचे? मास्टर कृष्णराव? नाटकात लहानपणी उभे राहिले की मास्टर चिकटायचं, ते मिशा पिकल्या तरी जायचं नाही.

ओंकार : तुला माहितीये का, या सिनेमासाठी त्याच्यावर कोर्टकचेरी झाली? दुसऱ्या कंपनीशी करार होता, तो मोडून हा इराणींच्या इंपिरियल कंपनीकडे आला. आणि कोर्टात त्याच्या बाजूने कोण उभं राहिलं सांग.

आजी : कोण?

ओंकार : बॅरिस्टर जिना.

आजी : हात मेल्या, काहीही!

ओंकार : खरंच. पण पुढची मजा ऐक. एवढं भांडून हिरो आणला आणि त्याचं उर्दू कच्चं निघालं. सिनेमा तर बोलका. मग काय केलं, बऱ्याच प्रसंगांत त्याला गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवलं. बोलायलाच नको.

आजी : (शेंग हातात तशीच) म्हणजे वर शंभर टक्के बोलता लिहिलंय आणि हिरो झोपलेला?

ओंकार : हो!

आजी : अण्णांना हे कळलं असतं तर पोट धरून हसले असते. आपला मराठी माणूस, मग त्याला मराठीत बोलायला द्यायचं की रे एक-दोन वाक्यं. ‘मला कुठे आणलंत’ एवढं तरी.

ओंकार : राजवाड्याची गोष्ट होती ती, आजी.

आजी : राजवाड्यात मराठी माणसं नसतात होय? बरं, झुबेदा. ही बाईमाणूस असून तेव्हा पडद्यावर, म्हणजे घरचे कसे असतील?

ओंकार : तिची आई फातमा बेगम. तिने १९२६ मध्ये स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला होता. आपल्याकडची पहिली बाई दिग्दर्शक.

आजी : मग बरोबर. आईने वाट पाडली होती. आणि हा पृथ्वीराज म्हणजे आपला कपूर? याचं नाव मात्र मी तरी पहिलं घातलं असतं.

ओंकार : तेव्हा तो चोवीस वर्षांचा, नवीन पोरगा. कोण ओळखत होतं?

आजी : आणि गाणारा? फकिराचं गाणं होतं ना त्यात, देवाच्या नावाने द्या म्हणून?

ओंकार : ‘दे दे खुदा के नाम पे’. वझीर मोहम्मद खान. या फोटोत त्याचं नाव दिसत नाही.

आजी : कोपरा कापलायस ना, तिथे असेल बिचारा. नाहीतर नसेलही. गाणाऱ्याला शेवटचा खिळा. तुला ते गाणं कुठून ठाऊक?

ओंकार : वाचलं. पण तुला कुठून?

आजी : आईकडून. मॅजेस्टिकला लागला होता ना हा.

ओंकार : हो, १४ मार्च १९३१.

आजी : तारीख मला नको सांगूस. गिरगावात आत्ता ते मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे ना, तिथेच थिएटर. आई तेव्हा पंधरा वर्षांची, मुगभाटात राहायची. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-चार, पाच-पाच रुपयांना विकत होते. पोलीस बोलवावे लागले. तिच्या वडलांनी सांगितलं, त्या गर्दीत पोरीबाळींनी जायचं नाही. मग ती आणि शेजारची सुमन थिएटरच्या मागच्या भिंतीला जाऊन उभ्या राहायच्या. दार उघडलं की आवाज यायचा. त्या फकिराचं गाणं तिला तिथेच पाठ झालं. मला झोपवताना म्हणायची.

ओंकार : म्हणजे पणजीने आलम आरा पाहिला नाही?

आजी : ऐकला. पुढे बघू म्हणाली असेल, राहिलं ते राहिलंच. तू लाव ना तुझ्या मोबाइलवर, मी तरी बघते. सगळं मिळतं म्हणतोस ना त्यात?

ओंकार : हा नाही मिळत.

आजी : पैसे भरावे लागतात का?

ओंकार : नाही गं. सिनेमाच नाहीये. एकही प्रत उरली नाही. काही फोटो, पोस्टर, जाहिराती, बस.

आजी : गाणं?

ओंकार : मूळ आवाज नाही. त्या खानसाहेबांनी पुढे म्हातारपणी म्हणून दाखवलंय, तेवढंच.

(आजी मोबाइल जवळ घेते. बोटाने झुबेदाच्या तोंडावरची चमक पुसायला जाते, चित्र सरकतं.)

आजी : हे पळालं कुठे?

ओंकार : बोट लावू नकोस, मी आणतो. हे बघ.

आजी : आई चालीत म्हणायची पण शब्द तिचेच असायचे. उर्दू कुठून येणार मुगभाटात! ‘दे दे खुदा’ झाल्यावर पुढे नुसतं लालालाला.

ओंकार : म्हण ना. रेकॉर्ड करतो.

आजी : आत्ता? शेंगा कोण मोडेल?

ओंकार : मी मोडतो. तू म्हण.

आजी : शिरा नीट काढ, मागच्या वेळेसारखा दोरा नको यायला दातात. आणि पुण्याला गेलास की परत जा त्या कॅफेत. ते लोक जेवून उठले की खालचा कोपरा घे. पाणी आण आधी, घसा सुकलाय.