वही आणि चार ओळींचा मेल

कळवा, ठाणे
2 फेब्रुवारी 2026

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

शनिवारी नव्या कंपनीतला पहिला पगार जमा झाला. रुजू झाले त्या दिवशी फोनवर "सर, झालं" एवढंच म्हणू शकले होते, पुढे गळा दाटून आला. जे तेव्हा बोलता आलं नाही ते आज लिहिते आहे.

नोव्हेंबरात तुम्ही आमच्या संचालिकाबाईंना मेल पाठवलात आणि प्रत मला ठेवलीत. उघडताना वाटलं होतं, "मुलगी होतकरू आहे, बघा काही जमलं तर" असं काहीतरी असेल. तुम्ही लिहिलं होतंत, "हिच्याकडे एक वही आहे. मुलाखतीला ती घेऊन यायला सांगा. बाकी काही विचारलं नाहीत तरी चालेल." त्या चार ओळी मी लोकलमध्ये उभ्याउभ्या किती वेळा वाचल्या, मोजलं नाही. त्यात माझ्या परिस्थितीबद्दल एक शब्द नव्हता. जे होतं ते माझ्या कामाबद्दल.

खरं सांगते सर, ती वही मी कधी कोणाला दाखवायची वस्तू मानलीच नव्हती. शिपिंग बिलावर कस्टम्सची क्वेरी आली की ती काय होती, का आली, उत्तर काय दिलं, हे लिहून ठेवायची सवय होती, एवढंच. जुन्या ऑफिसात नऊ वर्षं एकाच टेबलावर बसून कागद भरले. तिथे चूक झाली की नाव निघायचं, चूक टळली की कोणाला कळायचंही नाही. तुमच्या शनिवारच्या वर्गात तुम्ही ती वही सहज उचललीत आणि अर्धा तास मान वर न करता वाचत बसलात. "हे क्लार्कचं काम नाही, तू इथे वाया जाते आहेस," असं म्हणालात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुलाखतीत बाईंनी खरंच आधी वही मागितली. द्राक्षांच्या एका कंटेनरच्या नोंदीवर त्या थांबल्या. पॅकिंग लिस्टमध्ये 2,640 पेट्या आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटच्या मसुद्यात 2,460, आकडे उलटे पडलेले. कंटेनर न्हावाशेव्याला गेटमध्ये जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या लक्षात आलं होतं. त्यांनी विचारलं, "हे तुमच्याऐवजी युरोपातल्या बंदरावर सापडलं असतं तर?" मी म्हटलं, माल अडकून पडला असता, आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली द्राक्षं असली तरी थांबलेला प्रत्येक दिवस त्यांच्या टिकण्यातूनच वजा होतो. नुकसान शेवटी बागायतदाराच्या बिलातून कापलं गेलं असतं. यावर आम्ही तासभर बोललो. पगाराचा विषय निघाला तो अगदी उठताना.

आता ठाण्याला दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडते आणि तुर्भ्याला उतरते. पदाचं नाव निर्यात अनुपालन प्रमुख. हाताखाली तिघं आहेत. सध्या द्राक्षांचा हंगाम जोरात आहे, त्यामुळे बागेच्या नोंदणीपासून कीडनाशकांच्या अंशांच्या तपासणी अहवालापर्यंत सगळे कागद आमच्या टेबलावरून जातात. मग आंबा. अमेरिकेला जाणारा हापूस वाशीच्या विकिरण केंद्रातून 400 ग्रे मात्रा घेऊनच निघतो, ते काम मी आजवर फक्त कागदावर पाहिलं. यंदा तिथे प्रत्यक्ष उभी राहणार आहे.

सर, तुम्ही तीस वर्षांत कमावलेला शब्द माझ्यासाठी खर्च केलात, याची मला जाणीव आहे. मी कमी पडले असते तर बाईंनी मला नाही, तुम्हाला विचारलं असतं. तरीही तुम्ही एकदाही "माझं नाव राख" म्हणाला नाहीत. उलट पगाराची बोलणी सुरू असताना "घाबरून कमी मागू नकोस" असा तुमचा निरोप आला. मी कमी मागितलं नाही. बाबांच्या डायलिसिसच्या रिक्षाभाड्याचा हिशेब आता महिनाअखेरीला करावा लागत नाही. हे त्यांनीच तुम्हाला कळवायला सांगितलंय.

तिघांपैकी एक मुलगी उरणहून येते, खूप चौकस आहे. गेल्या आठवड्यात तिला मी शंभर पानी वही आणून दिली.

येत्या रविवारी, 8 तारखेला, चारच्या सुमारास नौपाड्यात घरी येते. काकूंना काही करत बसू नका म्हणावं, पेढे मी आणते आहे. जुनी वही भरली. नवी कोरीच ठेवली आहे, पहिल्या पानावर श्री तुमच्या हातून लिहून घ्यायचा आहे.

तुमची विद्यार्थिनी,
सुजाता