भांडणानंतरच तिचं नाव का येतं?

ताई, नवरा जेवताना ऑफिसातल्या मैत्रिणीबद्दल बोलतो आणि तुमचा घास अडकतो. लपवायचं असतं तर बहुधा त्याने तिचं नाव टाळलं असतं. म्हणून नाव किती वेळा आलं ते मोजू नका, कधी येतं ते बघा. तिच्या बढतीबद्दल, कामाबद्दल तो सहज सांगतो, त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण 'ती बघ कशी शांत असते' हे वाक्य तुमच्या दोघांच्या भांडणानंतरच येतं, असं तुम्ही लिहिलंय. ते मला फार खटकलं. हा मोकळेपणा नाही, हे टोचणं आहे.

त्याचा मोबाइल तपासू नका. निवांत वेळी सरळ सांगा, "तिच्याबद्दल जरूर बोल, पण तिच्याशी माझी तुलना नको. मला लागतं." त्याने हे हसण्यावारी नेलं, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा.