लगीन आमच्या घरचं, लगबग तुमची

॥ श्री महालसा प्रसन्न ॥

स.न.वि.वि.

आमचे येथे श्रीकृपेकरून खांडेपारच्या नाईकांची कन्या चि. सौ. कां. मृण्मयी आणि म्हापशाच्या शिरोडकरांचा सुपुत्र चि. अद्वैत यांचा शुभविवाह रविवार, दि. 13 डिसेंबर 2026 रोजी सकाळी 11 वाजून 47 मिनिटांच्या मुहूर्तावर म्हार्दोळ येथे, श्री महालसेच्या देवळाजवळील सभागृहात करण्याचे योजिले आहे. आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य यावे.

11.47 ही आंतरपाट दूर होण्याची वेळ. घरून निघण्याची नव्हे! म्हापशाहून दोन बसगाड्या सकाळी साडेआठला सुटतील, कारण रविवारी जुन्या गोव्यापाशी पर्यटकांच्या गाड्या दाटतात आणि बाणस्तारीचा पूल गाठेपर्यंत तासभर सहज जातो. मडगावकडच्यांनी बोरी पुलावरून फोंड्याला यावे. बेळगावच्या मामांनी चोर्ला घाटात भजी खायला थांबावे, फक्त एकदाच. साडीच्या निऱ्या शेवटच्या क्षणी बिनसतात हे ठाऊक असल्यामुळे वधूपक्षाच्या खोलीत 50 सेफ्टी पिना आणि प्रत्येक सुवासिनीसाठी अबोलीची फांती ठेवली आहे. तेवढ्यासाठी वाटेत बाजारात उतरू नये.

मंगलाष्टकांविषयी कळकळीची विनंती. आपल्या घराण्यात कवयित्री पुष्कळ, आणि प्रत्येक आत्याचे स्वतःचे एक कडवे तयार असते. ते आम्हाला हवेच आहे. मात्र शार्दूलविक्रीडिताच्या एका ओळीत 19 अक्षरे मावतात. त्यात सगळ्या भाचवंडांची नावे कोंबली की भटजींचा श्वास आणि मुहूर्त दोन्ही हातचे जातात. म्हणून प्रत्येकीने एकच कडवे, चारच ओळींचे, 1 डिसेंबरपर्यंत नवरीच्या आईकडे पोचवावे. आलेले प्रत्येक कडवे म्हटले जाईल. जास्तीची आदल्या संध्याकाळी चुडा भरताना गाऊ.

अक्षता चिमूटभर घ्याव्यात. शेवटच्या रांगेतून मूठभर भिरकावल्या तर त्या तिसऱ्या रांगेतल्या काकांच्या टकलावर उतरतात, नवरा-नवरीपर्यंत पोचतच नाहीत. पुढे या, जागा आहे. पहिल्या दोन रांगा आजी-आजोबांच्या. पर्सने एका वेळी एकच खुर्ची राखावी. मोबाइलवाल्या भाच्यांनी आंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे राहावे. समोर उभे राहिलात तर सगळ्यांच्या फोटोत तुमचीच पाठ येईल, आणि ती आम्ही अल्बममध्ये जपून ठेवू.

जेवण शिवराक, केळीच्या पानावर. वरण-भात, तिरफळ घातलेले खतखते, भजी, सोलकढी आणि काजू घातलेले मणगणे. पंगती तीन, प्रत्येकी 120 पानांच्या: सव्वाबारा, एक आणि पावणेदोन. पहिल्या पंगतीला जागा नाही मिळाली म्हणून जेवणाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहू नका. मागे कोणी उभे असले की माणूस घाईघाईने गिळतो आणि मणगण्याची दुसरी वाटी राहून जाते. नारळाचा रस तिन्ही पंगतींसाठी वेगवेगळा काढला जाईल, त्यामुळे तिसऱ्या पंगतीचे मणगणे पातळ होणार नाही. आचाऱ्याने तसा शब्द दिला आहे.

नुस्त्याशिवाय घास न उतरणाऱ्या सर्व काकांची आठवण आम्ही ठेवली आहे. सोमवारी बहुतेक घरांत शिवराक, म्हणून मंगळवार, दि. 15 रोजी दुपारी 1 वाजता म्हापशाला नवऱ्याच्या घरी इसवणाचे हुमण आणि गालम्याची किसमूर. जेवणाला येणार असल्यास शनिवारपर्यंत कळवा, कारण इसवण आधी सांगून ठेवावा लागतो. ‘बघतो, जमलं तर’ हे उत्तर ‘येतो’ असेच धरले जाईल.

ज्यांची लग्ने व्हायची आहेत अशी नऊ भावंडे वाढपाला असतील. ‘आता तुझा नंबर कधी?’ हा प्रश्न त्यांना वाढून झाल्यावर विचारावा. हातात खतखत्याची बादली असताना विचारला तर उत्तर मिळत नाही आणि तुमच्या पानात खतखते पडायचे राहते.

आशीर्वाद हाच आहेर. तरीही पाकीट खिशात कोंबायचे आणि समोरच्याने ते परत द्यायचे, ही झटापट व्यासपीठावर झाली की मागची रांग खोळंबते. द्यायचेच असेल तर एक नारळ द्या. तो आनंदाने घेऊ.

म्हापशाच्या परतीच्या बसगाड्या बरोबर 4 ला सुटतील. दारात ‘बरं, येतो हं’ म्हटल्यावर निदान पाऊण तास बोलणे होते, म्हणून निरोपाला सव्वातीनलाच सुरुवात करावी.

आपले नम्र,
समस्त नाईक परिवार, खांडेपार
समस्त शिरोडकर परिवार, म्हापसा

ता. क. पत्रिकेत कोणाचे नाव मागेपुढे झाले असे वाटू नये, म्हणून नावे घातलेलीच नाहीत. सगळेच पहिले आहात.